ईस्टरचं यील्ड सत्तरच्या वर का जात नाही? ब्युटाइल अॅसिटेट करत करत समजून घेऊया

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी ब्युटाइल अॅसिटेट केलं तेव्हा आम्ल आणि अल्कोहोल दोन्ही बरोबर मापात घेतलं, सल्फ्युरिक आम्लाचे थेंब टाकले, दोन तास रिफ्लक्स केलं, आणि हातात आलं निम्म्याच्या थोडं वर. मला वाटलं वेळ कमी पडला, म्हणून दुसऱ्या दिवशी तेच पाच तास चालवलं, तरी आकडा जवळपास तिथेच. मग कॅटॅलिस्ट वाढवला तर सगळं काळपट झालं आणि यील्ड उलट घटलं. तेव्हा कोणी सांगितलं असतं की अगं, वेळेचा आणि कॅटॅलिस्टचा इथे संबंधच नाहीये, फ्लास्कमध्ये जे पाणी साचतंय ते तुला मागे खेचतंय, तर माझे दोन आठवडे वाचले असते. म्हणून हे सगळं ओळीने लिहितेय. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, एम.एस्सी.ला किंवा नुकतेच एखाद्या लॅबमध्ये लागला असाल तर हे तुमच्यासाठी आहे.

## १. आधी हे समजून घ्या, मगच काचसामान काढा

रिअॅक्शन सगळ्यांना पाठ असते:

```
CH3COOH + C4H9OH ⇌ CH3COOC4H9 + H2O
```

पण मधल्या त्या दोन बाणांकडे आपण लक्ष देत नाही. आम्ल आणि अल्कोहोल मिळून ईस्टर आणि पाणी तयार होतं, आणि त्याच वेळी, त्याच फ्लास्कमध्ये, तयार झालेलं ईस्टर पाण्याबरोबर परत फुटून आम्ल आणि अल्कोहोल होत असतं. सुरुवातीला पाणी नसतं म्हणून उलटी रिअॅक्शन जाणवत नाही, जसजसं पाणी साचतं तसतशी ती जोर धरते आणि शेवटी दोन्ही बाजूंचा वेग सारखा होतो. रिअॅक्शन थांबलेली नसते, फक्त पुढे जितकं जातं तितकंच मागे येतं. हाच समतोल.

हे पहिल्यांदा नीट मोजलं बर्थेलो आणि पेआँ द सँ-जील या दोन फ्रेंच केमिस्टनी, १८६२ च्या सुमारास. अॅसिटिक आम्ल आणि इथेनॉल एकास एक मोल घेऊन त्यांनी वाट बघितली तर साधारण दोन तृतीयांश आम्लाचं ईस्टर झालं आणि तिथेच अडकलं. त्यांनी दुसऱ्या टोकाकडूनही सुरुवात केली, म्हणजे ईस्टर आणि पाणी एकत्र ठेवलं, तर तेही फुटत फुटत त्याच मिश्रणाला येऊन थांबलं. माझ्या मते समतोल समजायला याहून चांगला प्रयोग नाही, कारण दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात हे त्यात सरळ दिसतं.

आता आकडा. समतोलाला ईस्टरचे मोल गुणिले पाण्याचे मोल, भागिले आम्लाचे मोल गुणिले अल्कोहोलचे मोल, हे उत्तर साधारण ४ येतं. वर दोन पदार्थ, खाली दोन पदार्थ, त्यामुळे आकारमान कटून जातं आणि थेट मोल टाकले तरी चालतं. एकास एक घेतलं आणि x मोल ईस्टर झालं तर:

```
x*x / ((1-x)*(1-x)) = 4
x/(1-x) = 2
x = 0.667
```

म्हणजे ६७ टक्के. हे तुमच्या हातचं यील्ड नाही हं, हे फ्लास्कमधलं जास्तीत जास्त, यातून पुढे धुताना आणि डिस्टिल करताना आणखी जाणारच. माझं निम्म्याच्या फार वर का गेलं नाही ते इथे कळलं. साध्या प्राथमिक आम्ल-अल्कोहोलच्या जोड्यांना हा ४ अंदाजाला पुरतो, म्हणून मी पुढेही तोच धरणार आहे.

आणि कॅटॅलिस्ट? फिशर आणि श्पायर यांनी १८९५ साली थोडंसं तीव्र आम्ल टाकून रिफ्लक्स करायची जी पद्धत दिली तीच आपण आजही वापरतो, पण ते आम्ल पुढची आणि मागची दोन्ही वाट सारखीच वेगवान करतं. लवकर पोचवतं, पण तिथेच पोचवतं. वेळ वाढवून किंवा थेंब वाढवून ६७ चे ९० होत नाहीत, एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सोपं आहे. भरपूर सल्फ्युरिक टाकलं तर ते थोडं पाणी स्वतःकडे धरून ठेवतं हे खरं, पण त्या भानगडीत अल्कोहोल जळतं आणि ईथर होतं, त्यामुळे तो रस्ता नको.

## २. दोनच हत्यारं आहेत, तुमच्या केसला कोणतं ते आधी ठरवा

पहिलं, अल्कोहोल जास्त घ्यायचं. १ मोल आम्लाला ३ मोल अल्कोहोल घेतलं तर त्याच गणिताने आम्लाचं ९० टक्के ईस्टर होतं, ५ मोल घेतलं तर ९४.५, आणि १० मोल घेतलं तर ९७. म्हणजे पहिल्या दोन जादा मोलांनी ६७ वरून ९० वर नेलं आणि पुढच्या सात मोलांनी फक्त सात टक्के दिले, हे लक्षात घ्या, उगाच ओतत बसू नका.

हे जमतं कुठे, तर जिथे अल्कोहोल स्वस्त आहे आणि नंतर सहज काढता येतं तिथे. मिथाइल बेन्झोएट हे चांगलं उदाहरण. १२.२ ग्रॅम बेन्झोइक आम्ल म्हणजे ०.१ मोल, त्याला ४० मिली मिथेनॉल म्हणजे जवळपास १ मोल, दहापट. मिथेनॉल ६५ अंशाला उकळतं, पाण्यात पूर्ण मिसळतं, आणि मिथाइल बेन्झोएट १९९ च्या आसपास उकळतं, त्यामुळे उरलेलं मिथेनॉल आधी काढून टाकता येतं आणि राहिलंसाहिलं पाण्याने धुऊन जातं. काम फत्ते.

दुसरं हत्यार म्हणजे तयार होणारं पाणी होता होताच बाहेर काढायचं. पाणी नसलं तर उलट्या रिअॅक्शनला खायला काही नाही, मग समतोल आपोआप पुढे सरकत राहतो. त्यासाठी सगळ्यात सोयीचं म्हणजे डीन-स्टार्क ट्रॅप, जो डीन आणि स्टार्क यांनी १९२० मध्ये खरं तर पेट्रोलियममधलं पाणी मोजायला बनवला होता.

ब्युटेनॉलला हे दुसरं हत्यार का? कारण इथे पहिलं नीट चालत नाही. ब्युटेनॉल ११८ अंशाला उकळतं, ब्युटाइल अॅसिटेट १२६ ला, आणि दोघांचा मिळून ११७ च्या आसपास एक अॅझिओट्रोप बनतो ज्यात दोन भाग ब्युटेनॉल आणि एक भाग ईस्टर असतं. म्हणजे तुम्ही तिप्पट ब्युटेनॉल घेऊन फ्लास्कमध्ये ९० टक्के ईस्टर केलंत तरी ते डिस्टिल करताना जादाचं ब्युटेनॉल जाता जाता तुमचं ईस्टर सोबत घेऊन जाणार. पाण्याने धुवावं म्हटलं तर ब्युटेनॉल पाण्यात फक्त ७-८ टक्केच विरघळतं, आणि ईस्टरमध्ये राहायला त्याला जास्त आवडतं. पण हीच गोष्ट डीन-स्टार्कला उपयोगी पडते, कारण ब्युटेनॉल आणि ईस्टर दोन्ही पाण्यापासून वेगळे होऊन वर तरंगतात.

उलट इथेनॉलला डीन-स्टार्क लावून बसू नका. इथेनॉल आणि पाणी पूर्ण मिसळतात, ट्रॅपमध्ये थर पडतच नाहीत, सगळं जसंच्या तसं परत फ्लास्कमध्ये. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने अर्धा दिवस या आशेवर घालवला की आता थर दिसेल, मग दिसेल.

## ३. काय काय लागेल

आपण ०.४ मोलचं करूया, हे माप मी मुद्दाम घेतलंय, का ते पुढे कळेल.

- ग्लेशियल अॅसिटिक आम्ल २४.० ग्रॅम (२३ मिली, ०.४ मोल)
- एन-ब्युटेनॉल ४४ मिली (३५.६ ग्रॅम, ०.४८ मोल)
- तीव्र सल्फ्युरिक आम्ल ५-६ थेंब
- ५ टक्के सोडियम बायकार्बोनेट, मिठाचं संपृक्त द्रावण, निर्जल मॅग्नेशियम सल्फेट
- १०० मिलीचा गोल बुडाचा फ्लास्क, खुणा असलेला १० मिलीचा डीन-स्टार्क ट्रॅप, कंडेन्सर, हीटिंग मँटल, पोर्सेलिनचे तुकडे
- सेपरेटिंग फनेल, डिस्टिलेशनचा सेट, १५० अंशापर्यंतचा थर्मामीटर, लिटमस
- अॅल्युमिनियम फॉइल, हे यादीत कोणी लिहीत नाही पण लागतंच

बर्नर नको. ब्युटेनॉलची वाफ ३५ अंशाच्या जवळपासच पेट घेऊ शकते, आपल्याकडे एप्रिलमध्ये लॅबचं तापमानच तेवढं असतं. गॉगल घाला, ग्लेशियल अॅसिटिक कातडीला लागलं तर फोड येतात.

आम्लाच्या बाटलीबद्दल एक गोष्ट. शुद्ध अॅसिटिक आम्ल १६-१७ अंशाला गोठतं, त्यामुळे थंडीत सकाळी बाटलीत बर्फासारखं घट्ट झालं असेल तर घाबरू नका, उलट ते चांगलं लक्षण आहे, बाटली कोमट पाण्यात उभी ठेवली की पातळ होतं. खूप दिवस उघडझाप झालेली बाटली मात्र ओलसर असते. त्यात २ टक्के पाणी असेल तर २४ ग्रॅममध्ये जवळपास अर्धा मिली पाणी तुम्ही सुरुवातीलाच आत ओतलंत.

## ४. सेटअप लावताना ब्युटेनॉल दोन भागात वाटा

४४ मिलीपैकी ३४ मिली फ्लास्कमध्ये आणि १० मिली ट्रॅपमध्ये. नवीन मुलं इथे हमखास चुकतात, ट्रॅप रिकामा ठेवतात. मग पहिली दहा मिली वाफ ट्रॅप भरण्यातच जाते, फ्लास्कमधून तेवढं ब्युटेनॉल आणि ईस्टर बाहेर अडकून बसतं आणि वरून परत काहीच येत नाही. ट्रॅप आधीच बाजूच्या नळीच्या तोंडापर्यंत ब्युटेनॉलने भरलेला असला की वरून पडलेला पाण्याचा थेंब जड असल्यामुळे खाली जाऊन बसतो आणि तेवढंच ब्युटेनॉल वरून ओसंडून परत फ्लास्कमध्ये जातं. म्हणजे आपलं जादाचं ब्युटेनॉलही वाया न जाता हळूहळू रिअॅक्शनमध्येच येतं.

फ्लास्कमध्ये आधी ब्युटेनॉल, मग अॅसिटिक, मग हलवत हलवत सल्फ्युरिकचे थेंब, एकेक करून. हलवलं नाही तर जिथे थेंब पडतो तिथेच गरम होऊन तपकिरी होतं. पोर्सेलिनचे दोन-तीन तुकडे आत्ताच टाका, उकळायला लागल्यावर टाकाल तर सगळं एकदम उसळून वर येईल.

ट्रॅप आतून खरंच स्वच्छ हवा. जरा जरी तेलकट असला तर पाण्याचे थेंब भिंतीला चिकटून राहतात, खाली येतच नाहीत, आणि तुम्हाला वाटतं पाणी निघत नाहीये. साबणाने धुवा, पाण्याने, मग अॅसिटोनने, आणि वाळवा.

## ५. उष्णता द्या आणि ट्रॅपकडे बघत बसा

हिशोबाने निघणारं पाणी ०.४ मोल, म्हणजे ७.२ ग्रॅम, म्हणजे ७.२ मिली. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहा. मी ०.४ मोल घेतलं ते यासाठीच, १० मिलीच्या ट्रॅपमध्ये हे आरामात मावतं. ०.५ मोल घेतलं असतं तर ९ मिली आणि वर विरघळलेलं ब्युटेनॉल धरून साडेनऊच्या पुढे, म्हणजे अगदी काठावर, आणि पाण्याचा थर बाजूच्या नळीपर्यंत पोचला तर पाणीच परत फ्लास्कमध्ये पडायला लागतं, केलेलं सगळं उलटं.

उकळायला लागलं की पाच-दहा मिनिटांत कंडेन्सरच्या टोकावरून थेंब पडायला लागतील. नीट बघा. वरच्या थरात पडताना थेंब पांढुरका, धुरकट दिसतो, क्षणभर थांबतो, मग त्यातून बारीक बारीक मणी सुटून खाली उतरतात आणि तळाशी एकमेकांत मिसळतात. त्या दोन थरांमधली रेघ हळूहळू वर चढते. पहिल्या वीस मिनिटांत ती झपाट्याने चढते, निम्मं पाणी तर बघता बघता येतं. सेकंदाला एक-दोन थेंब हा वेग ठेवा.

वाफ जिथे वळते तिथे थर्मामीटर लावता आला तर तो ९० च्या आसपास असेल, कारण पाणी, ब्युटेनॉल आणि ईस्टर तिघांचा मिळून अॅझिओट्रोप तिथे उकळतो. फ्लास्कमधलं काहीच एकटं ९० ला उकळत नाही, पण तिघं मिळून उकळतात आणि पाण्याला बाहेर घेऊन जातात. म्हणूनच इथे टोल्यूइनसारखं वेगळं सॉल्व्हंट घालायची गरज नाही.

आता माझं काय झालं ते सांगते, कारण हे तुमच्याही बाबतीत होणार. पाणी ६.७ मिलीला येऊन थांबलं. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, रेघ जागची हलेना. मला वाटलं झालं, जवळपास तर आहे, अर्धा मिली म्हणजे काय मोठं, आणि मी मँटल बंद करायला हात पुढे केला. आमच्या बाई बाजूच्या टेबलावर होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, आधी वर बघ." वर पंखा होता, पूर्ण वेगात, आणि त्याचा वारा थेट ट्रॅपच्या बाजूच्या उघड्या नळीवर येत होता. वाफ कंडेन्सरपर्यंत पोचतच नव्हती, नळीतच थंड होऊन मागे फ्लास्कमध्ये टिपकत होती. पंखा बंद केला, फ्लास्कची मान आणि ती नळी फॉइलने दोन वेढे देऊन गुंडाळली, आणि पाच मिनिटांत थेंब परत सुरू झाले.

तेव्हापासून फॉइल आधीच गुंडाळते. आणि तो अर्धा मिली किती महत्त्वाचा होता ते पुढच्या टप्प्यात बघा.

## ६. शेवटचा अर्धा मिली सोडू नका

फ्लास्कमध्ये ०.४ मोल आम्ल, ०.४८ मोल ब्युटेनॉल. तेच ४ धरून हिशोब केला तर:

- पाणी काढलंच नाही तर आम्लाचं ७२ टक्के ईस्टर होतं.
- १ मिली पाणी आत राहिलं तर ९० टक्के.
- अर्धा मिली राहिलं तर ९४ टक्के.
- ०.१३ मिली, म्हणजे दोन-तीन थेंब राहिले तर ९८ टक्के.

म्हणजे शेवटचा एक मिली तुम्हाला आठ टक्के देतो. म्हणूनच "जवळपास झालं" म्हणून मँटल बंद करायचा मोह टाळा.

आणि आता ते २० टक्के जादा ब्युटेनॉल कशाला घेतलं ते. समजा ते घेतलंच नसतं, बरोबर ०.४ मोल घेतलं असतं आणि अर्धा मिली पाणी आत राहिलं असतं, तर ९४ ऐवजी ८८ टक्क्यांवर अडकलो असतो. पाणी तुम्ही शेवटच्या थेंबापर्यंत कधीच काढू शकत नाही, जे थोडं उरतं त्याचा मार हे जादा अल्कोहोल झेलतं. दोन हत्यारं वेगवेगळी शिकवतात पण खरी ताकद दोन्ही एकत्र वापरण्यात आहे, पाणी काढायचं आणि वर थोडंसंच जादा अल्कोहोल. दुप्पट-तिप्पट घेतलं तर ते नंतर वेगळं करताना रडवतं, ते वर सांगितलंच.

ट्रॅपचं माप वाचताना मात्र सावध. खालचा थर म्हणजे निव्वळ पाणी नाही, त्यात विरघळलेलं ब्युटेनॉल आणि वाफेबरोबर आलेलं किंचित अॅसिटिक आम्ल असतं. त्यामुळे ७.२ दिसलं म्हणजे संपलं असं नाही, पूर्ण झालेल्या रनला माझ्याकडे ७.६ ते ७.८ येतं. खरी खूण ही की सलग पंधरा मिनिटं रेघ हललेली नाही, आणि पडणारे थेंब आता धुरकट नाहीत, स्वच्छ आहेत. वाफेचं तापमानही ९० वरून वर चढायला लागतं.

८ च्या वर गेलं आणि थांबतच नाही, असं झालं तर आनंद मानू नका. एकतर आम्ल ओलसर होतं, नाहीतर सल्फ्युरिक जास्त पडल्यामुळे ब्युटेनॉलचे दोन रेणू जुळून डायब्युटाइल ईथर होतंय, आणि त्यातही पाणीच निघतं. फ्लास्कमधलं तपकिरी झालं असेल तर दुसरं कारण पक्कं.

खात्री हवी असेल तर फ्लास्क थोडा निवला की त्यातलं १ मिली थंड पाण्यात टाकून ०.५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने फिनॉल्फ्थॅलिन घालून टायट्रेट करा. सुरुवातीला साधारण १२-१४ मिली लागतं, शेवटी अर्धा-पाऊण मिली. त्या शेवटच्या आकड्यातला निम्मा भाग सल्फ्युरिकचाच असतो, तो वजा केल्याशिवाय "अजून आम्ल उरलंय" असा निष्कर्ष काढू नका. गुलाबी रंग पहिल्यांदा टिकला की थांबा, ताटकळत राहिलात तर अल्कली ईस्टरच फोडायला लागते आणि रंग परत जातो.

## ७. धुताना कमावलेलं घालवू नका

थंड होऊ द्या. ट्रॅपमधलं खालचं पाणी सोडून द्या, वरचा थर मात्र फ्लास्कमधल्या द्रावणातच घाला, त्यात ईस्टर आहे.

सेपरेटिंग फनेलमध्ये ओतून आधी ३० मिली पाण्याने धुवा. मग बायकार्बोनेट ३० मिली, आणि इथे घाई नको, आधी बूच न लावता नुसतं गोल फिरवा, फसफस कमी झाली की मगच बूच लावून हलवा आणि दर दोन हलवण्यांनंतर तोटी वर करून वायू सोडा. एका मुलीचं बूच उडून अर्धं ईस्टर टेबलावर गेलेलं मी बघितलंय. खालचा पाण्याचा थर लिटमसला निळा दाखवेपर्यंत धुवा, मग एकदा मिठाच्या पाण्याने.

बायकार्बोनेटऐवजी कॉस्टिक सोडा वापरू नका, लवकर होतं म्हणून करतात काही जण. त्याने आम्ल जातंच, पण ईस्टरही फुटायला लागतं.

आणि ही पायरी गाळून थेट डिस्टिलेशनला बसू नका. आत सल्फ्युरिक आहे, थोडं पाणी आहे, वर उष्णता, म्हणजे उलट्या रिअॅक्शनला हवं ते सगळं तुम्हीच हजर करून दिलंत. कॅटॅलिस्ट दोन्ही वाटा वेगवान करतो हे पहिल्या टप्प्यात सांगितलं, ते इथे आठवा.

मग निर्जल मॅग्नेशियम सल्फेटवर वीस मिनिटं ठेवा, द्रावण एकदम पारदर्शक दिसलं पाहिजे. इथेच एक प्रश्न हमखास येतो, की मग हेच कोरडं करणारं मीठ आधीच रिफ्लक्सच्या फ्लास्कमध्ये का टाकू नये, डीन-स्टार्कची झंझटच नको. मी सोडियम सल्फेट टाकून करून बघितलंय, काही उपयोग होत नाही. ते ३२ अंशाच्या वर पाणी धरूनच ठेवत नाही, सोडून देतं, आणि तुम्ही तर शंभरच्या आसपास उकळताय. ट्रॅप नसेल आणि उकळत्या द्रावणातून पाणी शोषायचंच असेल तर ३ आंगस्ट्रॉमचे मॉलिक्युलर सीव्ह वापरा, पण तेही फ्लास्कमध्ये नाही, आम्लाने खराब होतात, वाफ थंड होऊन परत येते त्या वाटेवर ठेवायचे.

## ८. डिस्टिल करा आणि काय मिळालं ते तपासा

गाळून कोरड्या फ्लास्कमध्ये डिस्टिल करा. ९० च्या आसपास काही आलं तर अजून पाणी राहिलंय, कोरडं करायला कमी पडलात. मग ११६-१२० ला थोडा भाग येतो, तो ब्युटेनॉल आणि ईस्टरचा अॅझिओट्रोप, तो वेगळ्या बाटलीत घ्या, फेकू नका, पुढच्या बॅचला सुरुवातीच्या ब्युटेनॉलमध्ये घालता येतो. त्यानंतरचा मुख्य भाग १२४ ते १२६ ला.

हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. मुंबईत किंवा रत्नागिरीत तो तसाच दिसेल, पण पुणं साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब कमी म्हणून थर्मामीटर सगळीकडेच दीड-दोन अंश कमी दाखवतो. मी पुण्यात केलं तेव्हा माझं १२२-१२४ ला आलं आणि मला वाटलं माल अशुद्ध आहे, म्हणून परत डिस्टिल करून दोन ग्रॅम उगाच घालवले.

हिशोबाने ०.४ मोल म्हणजे ४६.५ ग्रॅम. फ्लास्कमध्ये ९५ टक्क्यांच्या वर ईस्टर झालं तरी धुण्यात आणि त्या अॅझिओट्रोपमध्ये जाऊन हातात ३७-३९ ग्रॅम येतं, म्हणजे ८० च्या थोडं वर. पहिल्यांदा ३५ आलं तरी चांगलं समजा. ३० च्या खाली आलं तर आधी वहीत ट्रॅपचं शेवटचं माप बघा. ते कमी असेल तर पाणी आत राहिलं, ते बरोबर असेल तर धुताना किंवा डिस्टिलेशनमध्ये गेलं, शोध तिथे घ्या.

रिफ्रॅक्टोमीटर असेल तर २० अंशाला १.३९४ यायला हवं. आपल्या लॅबमध्ये ३० अंश असतात, तिथे ते १.३९० च्या जवळ दिसतं. त्याच तापमानाला त्याहून दोन-तीन हजारांशाने जास्त आलं तर ब्युटेनॉल अजून आत आहे, कारण त्याचा आकडा २० अंशाला १.३९९ आहे. नाकालाही कळतं, ब्युटाइल अॅसिटेटचा वास पिकलेल्या केळ्या-सफरचंदाच्या जवळचा असतो आणि ब्युटेनॉल राहिलं तर त्याच्या मागून एक उग्र, घशाला लागणारा वास येतो. बाटली थेट नाकाशी नेऊ नका, हाताने वारा घेऊन बघा.

बाटलीत भरताना बाटली कोरडी आहे ना ते बघा, बूच घट्ट लावा, आणि लेबलवर तारखेबरोबर ट्रॅपमधल्या पाण्याचं मापही लिहा.